कमिशन दिलं म्हणजे ओव्हरटाइम दिला असं होत नाही

ताई, पाचपाखाडीत माझं सलून आहे. खुर्चीवर काम करणाऱ्या नऊ जणी, शिवाय रिसेप्शनला एक मुलगी आणि साफसफाईला मावशी, अशा आम्ही अकरा. गेल्या दिवाळीआधी आठ दिवस सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत सगळ्या उभ्या होतो, मीसुद्धा. प्रत्येकीला दीड हजार रुपये आणि साडी दिली. भाऊबीज झाली आणि दोन चांगल्या सिनिअर मुली सोडून गेल्या. आता आणखी एक म्हणते, लग्नाच्या ऑर्डरला पहाटे जाते त्याचे वेगळे पैसे द्या. पगार साधारण अठरा हजार आहे आणि वर कामावर कमिशन देते. गर्दीत त्यांचंच कमिशन वाढतं, मग ओव्हरटाइम कशाचा? द्यायचाच तर किती? आणि यंदाच्या दिवाळीचं वेळापत्रक कसं लावू?
— एक सलूनचालक, पाचपाखाडी, ठाणे

ताई, कागद-पेन घेऊन बसा. आधी गेल्या वर्षीच्या त्या आठ दिवसांचा हिशोब करू. पुढचं सगळं त्यातूनच उलगडेल.

सकाळी नऊ ते रात्री साडेदहा म्हणजे साडेतेरा तास. जेवणाचा आणि चहाचा मिळून एक तास काढा, खरं तर तेवढाही मिळाला नसेल. उरले साडेबारा. दिवसाचं काम आठ तासांचं धरलं, तर रोज साडेचार तास जास्तीचे. आठ दिवसांचे झाले छत्तीस. आता तासाचा दर काढा. अठरा हजार भागिले सव्वीस दिवस, भागिले आठ तास, म्हणजे साडेशहाऐंशी रुपये. जास्तीच्या तासाला याच्या दुप्पट द्यायचं असतं, म्हणजे १७३ रुपये. छत्तीस तासांचे ६,२२८ रुपये. तुम्ही दिले दीड हजार. एका मुलीमागे ४,७२८ रुपये राहिले. साडी यात धरू नका. ती तुम्ही प्रेमाने दिलीत, ती सणाची भेट आहे.

तुमच्या त्या दोघी हा हिशोब कागदावर मांडून गेल्या नसतील. पण रात्री पावणेअकराला ठाणे स्टेशनवर दिव्याची नाहीतर बदलापूरची लोकल धरताना प्रत्येकीला आपण किती तास उभ्या होतो ते पायांवरून कळतं.

आता कमिशनचं. कमिशन हे कामाच्या नगाचं असतं: इतकी फेशियल, इतके कलर, त्यावर इतके टक्के. ते दुपारी दोनला केलेल्या फेशियलवरही तेवढंच आणि रात्री दहाला केलेल्या फेशियलवरही तेवढंच. म्हणजे रात्रीच्या तासाचं वेगळं असं त्यात काहीच नाही. शिवाय गर्दीत कमिशन सगळ्यांचं सारखं वाढत नाही. कलर-केराटिनवाल्या सिनिअरचं भरपूर वाढतं. दिवसभर आयब्रो, अप्पर लिप आणि वॅक्सिंग करणाऱ्या ज्युनिअरचं थोडंच, कारण तिच्या कामाचा भावच कमी. शॅम्पू करून देणारी, टॉवेल धुणारी, वॅक्स गरम करणारी मुलगी आणि मावशी यांना तर कमिशनच नाही, आणि रात्री शेवटी कुलूप लावून निघतात त्याच. 'कमिशन वाढलंच की' हे उत्तर त्यांच्यासमोर देता येतं का, ते बघा.

कायदाही या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तीत जास्तीच्या तासाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट द्यायला सांगितलं आहे, आणि इतके कामगार असले तरच हा नियम, अशी अट नाही. वेतनाच्या व्याख्येत कमिशन येत नाही, म्हणून दर अठरा हजारांवर काढायचा. कोणीतरी तुम्हाला सुचवेल की पगार आठ हजार दाखवा, बाकीचं कमिशनमध्ये टाका, म्हणजे ओव्हरटाइमचा दर आपोआप खाली येईल. तसं करू नका. कमिशन आणि भत्ते मिळून एकूण रकमेच्या निम्म्याच्या वर गेले, की वरचा भाग वेतनातच धरला जातो. आठ हजार पगार आणि चौदा हजार कमिशन असेल, तर एकूण बावीस. त्याचे निम्मे अकरा, म्हणून वेतन अकरा हजार धरायचं. कायद्याचं सोडा, पगार आठ हजारांवर आणलात तर आषाढात, पितृपक्षात आणि धनुर्मासात, म्हणजे सलून ओस पडतं तेव्हा, त्या मुलींनी घरभाडं कसं भरायचं?

कामाच्या तासांबद्दल महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे. मूळ कायदा दहा किंवा जास्त कामगारांच्या दुकानांसाठी होता: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, मधली विश्रांती धरून एका दिवसाचा पसारा साडेदहा तासांच्या आत, आणि तीन महिन्यांत ओव्हरटाइम १२५ तासांपर्यंत. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास दहा, ओव्हरटाइम १४४ आणि कामगारांची अट वीस करायला मंजुरी दिली. माझं स्पष्ट म्हणणं असं, की तुमच्या अकरा जणींना सवलत मिळते का ते शोधत बसू नका. जुन्या मर्यादा मेकअपच्या खोलीत भिंतीवर लावा आणि त्यात बसेल असंच वेळापत्रक करा. त्या मर्यादा आमच्या धंद्याच्या अनुभवाशी जुळतात. दहा तासांनंतर हात चुकतोच. थ्रेडिंगला एक भुवई बारीक होते, गरम वॅक्सचा अंदाज चुकून कातडी भाजते, कलर लावलेलं गिऱ्हाईक दहा मिनिटं जास्त बसून राहतं. तुमच्याकडे 'परत करून दिलं' अशी किती कामं झाली, आणि ती मुळात किती वाजता झालेली होती, एवढंच एकदा बिलबुकात बघा. मी नेरूळला एकोणीस वर्षं सलून चालवलं. माझ्या वहीत अशी बहुतेक कामं रात्री आठनंतरची निघाली होती.

वेळापत्रक लावायला तेच बिलबुक उघडा. गेल्या दिवाळीआधीच्या दहा दिवसांची बिलं तासातासाने मोजा: नऊ ते दहा किती, दहा ते अकरा किती, असं रात्रीपर्यंत. हे काम एका दुपारचं आहे. माझ्याकडे जे दिसलं ते तुमच्याकडेही बहुधा दिसेल. आठवड्यातल्या दिवशी साडेअकरापर्यंत निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या, बारा ते तीन घरच्या बायका, मग थोडी उसंत, आणि सहानंतर ऑफिसमधून सुटलेल्या बायकांची झुंबड. म्हणजे नऊही जणींना सकाळी नऊला बोलावून आपण त्यांची ताकद रिकाम्या वेळात खर्च करतो आणि गर्दीच्या वेळी थकलेले हात पुढे करतो.

म्हणून दोन पाळ्या लावा. पहिली साडेनऊ ते साडेसहा, दुसरी बारा ते नऊ, प्रत्येक पाळीत जेवण-चहा मिळून एक तास विश्रांती. म्हणजे काम आठ तासांचंच. नऊ जणींपैकी रोज एकीची सुट्टी, आणि सोमवार ते शुक्रवारातल्या कमी गर्दीच्या दोन दिवशी दोघींची, म्हणजे सात दिवसांत प्रत्येकीला एक सुट्टी मिळते. गर्दीत साप्ताहिक सुट्टी रद्द करायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे, ती मोडा. आठव्या सलग दिवशी कोणाचा खांदा चालत नाही. उरलेल्या आठांपैकी तिघी पहिल्या पाळीत, पाच जणी दुसऱ्या; दोघी सुट्टीवर असतील त्या दिवशी दुसऱ्या पाळीत चारच. पहिल्या पाळीतल्या तिघींनी आठपर्यंत थांबायचं, म्हणजे सहा ते आठ या ऐन वेळी त्या दिवशीच्या सगळ्या जणी हजर. आठच्या पुढे त्यांना थांबवू नका, कारण साडेनऊ ते आठ म्हणजे बरोबर साडेदहा तास होतात. पाळ्या दर तीन दिवसांनी फिरवा. शनिवार-रविवारी गर्दी सकाळपासूनच असते, त्या दोन दिवशी पहिल्या पाळीत चार आणि दुसऱ्या पाळीत चार ठेवा.

याचा खर्च किती? तिघींचे दीड-दीड तास, दहा दिवस, म्हणजे ४५ तास. १७३ रुपयांनी ७,७८५. शनिवार-रविवारची चौथी धरून आठ हजार तीनशेच्या आसपास. आणि गेल्या वर्षी तुम्ही जे केलंत त्याचं रीतसर बिल नऊ जणींचं मिळून ५६ हजारांवर जातं. दुप्पट दर जड वाटतो तो याच कारणाने, आपण तो सगळ्यांना रोज साडेचार तास लावायला बघतो. तो हवा तेवढ्याच तासांना लावला की परवडतो.

एक गोष्ट लपवत नाही. यात एकूण हातांचे तास गेल्या वर्षीपेक्षा बरेच कमी भरतात. सकाळचे रिकामे तास गेले त्याने फारसं बिघडत नाही, पण संध्याकाळचे काही तासही गेलेत. ते भरायला त्या दहा दिवसांपुरत्या दोघी बाहेरून घ्या, दुपारी चार ते नऊ. लग्न-मुलं झाल्यावर पूर्णवेळ काम सोडलेल्या, हाताने पक्क्या अशा बायका कळवा, कोपरखैरणे, ऐरोली भागात हमखास मिळतात. त्यांना थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि क्लीनअपवर बसवा. तुमच्या मुलींच्या अंगावरची बारीक कामं त्यामुळे उतरतील. त्यांचा मोबदला रोजच्या रोज, ठरवून, संध्याकाळी हातात द्या.

आणि उशीर होतो कुठे ते ओळखा. गिऱ्हाईक नऊला आलं म्हणून उशीर होतो असं वाटतं. पण साडेदहा वाजतात ते सात वाजता घेतलेल्या कामामुळे. ग्लोबल कलरला दोन-अडीच तास, केराटिन किंवा स्मूदनिंगला तीन-चार. साडेसहाला एक केराटिन घेतलंत की एक सिनिअर, एक हेल्पर, रिसेप्शनची मुलगी आणि मावशी अशा चौघी रात्री दहाला तुमच्याकडे अडकल्या. वसुबारसेच्या आधीच्या दहा दिवसांत केराटिन-स्मूदनिंग फक्त सकाळच्या वेळेत घ्या, ग्लोबल कलर दुपारी चारच्या पुढे नको. शेवटचं फेशियल साडेसात, शेवटचा आयब्रो साडेआठ. रिसेप्शनच्या मुलीला हे कागदावर लिहून द्या आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुम्ही स्वतः 'जुनं गिऱ्हाईक आहे, घेऊन टाक' म्हणून तिचा शब्द मोडू नका. जुन्या गिऱ्हाइकांना पंधरा दिवस आधी मेसेज करा की कलरसाठी सकाळच्या वेळा उघड्या आहेत. बऱ्याच जणी एक सकाळ मोकळी काढतात. दोन-चार जणी दुसरीकडे जातील, जाऊ द्या.

आता पहाटेच्या ऑर्डरचं, कारण तुमची ही मुलगी रास्त मागते आहे आणि तुळशीचं लग्न लागलं की हा प्रश्न आठवड्यात दोनदा येणार.

एक दिवस पूर्ण मांडून बघू. कल्याणच्या एका हॉलमध्ये सकाळी ९ वाजून ४० मिनिटांचा मुहूर्त. नवरीला मेकअप, अंबाडा किंवा खोपा, नऊवारी आणि दागिने मिळून अडीच तास, बरोबर करवली आणि नवरीची आई. म्हणजे सव्वापाचला हात लागला पाहिजे. तुमची मुलगी आणि ड्रेपिंगवाली सलूनवरून सव्वाचारला निघाल्या. साडेआठला पहिला लूक झाला. लग्न लागेपर्यंत मुंडावळ्या-गजरा सांभाळत थांबायचं, मग शालू नेसवून दुसरा लूक, साडेबारापर्यंत. परत पाचपाखाडीत दीड. सव्वाचार ते दीड म्हणजे सव्वानऊ तास. हॉलवर खाल्लं तो अर्धा तास काढला तर पावणेनऊ. आठच्या वर पाऊण तास, तोही दुप्पट दराने.

प्रवास आणि मधलं थांबणं हे सगळं काम आहे. मंडपात बसून राहिली तरी ती स्वतःच्या कामाला जाऊ शकत नाही, तुमच्या ऑर्डरसाठीच अडकलेली असते. घड्याळ सलूनवरून निघाल्यापासून परत येईपर्यंत चालू ठेवा.

पण तिच्या तक्रारीत पाऊण तासाचे एकशेतीस रुपये नसणार. मला वाटतं तिला दीड वाजता परत आल्यावर रात्री नऊपर्यंत पुन्हा खुर्चीवर उभं केलं जातं. मी स्वतः नोकरीत असताना वाशीच्या एका पार्लरमध्ये असंच चालायचं. पहाटे तीनला उठून नवरी करायची आणि संध्याकाळी त्याच हातांनी हेअर स्पा. एकदा मी वॉश बेसिनपाशी चक्कर येऊन पडले. मालकिणीने साखर-पाणी दिलं आणि पुढचं गिऱ्हाईक दिलं. ती बाई वाईट नव्हती, पण तिने तास कधी मोजलेच नव्हते. पहाटेची ऑर्डर केलेली मुलगी दीडला घरी गेली पाहिजे, तो तिचा पूर्ण दिवस झाला. संध्याकाळी रिसेप्शनचा लूक असेल तर दुसरीला पाठवा. नवरी 'मला तीच हवी' म्हणाली, तर बुकिंगच्या वेळीच सांगा की मग लग्नाच्या लूकला दुसरी येईल.

पहाटेचं आणखी एक. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर लावायचं, तर आस्थापना कायद्याप्रमाणे तिची संमती हवी, आणि सुरक्षिततेची व दारापर्यंत वाहनाची सोय मालकाने करायची. 'पहाटे साडेतीनला रिक्षा करून सलूनवर ये' हे चालत नाही. कॅब तिच्या घरून तिला घेईल, मग ड्रेपिंगवालीला घेईल आणि हॉलवर जाईल. मग तिचं घड्याळही घरून निघाल्यापासून सुरू करा, मी तर तसंच करायचे. आणि एखादीचं तान्हं मूल आहे म्हणून ती पहाटेला नाही म्हणाली, तर त्यावरून तिच्या चांगल्या ऑर्डरी कमी करू नका. दुपारच्या साखरपुड्यांना, हळदीला तिला पाठवा.

हा खर्च खिशातून करायची गरज नाही. ब्रायडल पॅकेज सांगतानाच 'सकाळी सातच्या आधी पोहोचायचं असल्यास पहाटेचा आकार वेगळा' अशी ओळ टाका. दोघींची कॅब आणि जास्तीचे तास त्यात बसतील इतका. हॉल, घोडा, बँड यांचे वेगळे आकार देणारं घर यालाही नाही म्हणत नाही, फक्त तो आधी सांगायला हवा. नवरीच्या आईने हातात दिलेलं पाकीट मात्र मुलींचं, दोघींत वाटून. ते ओव्हरटाइममधून वळतं करायचं नाही.

हे सगळं टिकवायला एक वही लागते. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, तिची सही. रोज, त्याच दिवशी. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्या वहीवर कोणाचाच विश्वास बसत नाही. पगाराबरोबर ओव्हरटाइमची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा, इतके तास, इतका दर. बदली सुट्टी देऊन पैसे टाळू नका. सुट्टी द्यायचीच असेल तर वेगळी द्या. गणपती आणि नवरात्रीच्या मधला पितृपक्ष आणि पौषातले सुरुवातीचे आठवडे त्यासाठी मोकळे असतात, तेव्हा गावी जाऊन यायला सांगा.

लक्ष्मीपूजनाला कोण थांबणार, पाडव्याला कोण, भाऊबीजेला कोणाला माहेरी जायचं आहे, याच्या चिठ्ठ्या नवरात्र संपताच टाका. गेल्या वर्षी जिने भाऊबीज सलूनमध्ये काढली, तिला चिठ्ठीतून वगळून आधी सुट्टी द्या.

आणि ते ४,७२८ रुपये. मी तुमच्या जागी असते तर दिवाळीची वाट न बघता सगळ्यांना दिले असते, एकदम जमत नसेल तर तीन पगारांत. मावशी आणि रिसेप्शनच्या मुलीचे त्यांच्या पगारावरून काढा. सोडून गेलेल्या दोघींचेही द्या. त्यांना फोन करा, हिशोबाचा फोटो पाठवा आणि पैसे खात्यात टाका. परत या म्हणू नका. ते त्यांचं त्या ठरवतील.